मॅडमसमोर गिळलेलं उत्तर

शुक्रवार, संध्याकाळ

आज माझ्या कामाचं वार्षिक मूल्यमापन झालं. उपकेंद्रात मी एकटीच नर्स, गावं पाच. सकाळपासून मनात उत्तरंच रचून राहिली होती. आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमच्या दाराबाहेरही तेच चालू होतं. बाकावर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि श्वास सावकाश सोडला, पाच-सहा वेळा. तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

"लसीकरण उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या, "पण बाया बोलतात तेव्हा तुम्ही मध्येच तोडता."

'मी?' उत्तर जिभेवर आलंच होतं. ते गिळलं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि विचारलं, "एखादं उदाहरण सांगाल?"

"मंगळवारी मी उपकेंद्रात आले होते, तेव्हाची ती गरोदर रेखा. ती पाय सुजल्याचं सांगत होती, तुम्ही गोळ्यांचं विचारत राहिलात."

खरंच होतं ते.

"म्हणजे आधी पूर्ण ऐकायचं, मग विचारायचं?"

"बस, एवढंच. महिन्याने पुन्हा बोलू."

परतताना मन पुन्हा भांडायला लागलं. गर्दी किती असते, हे त्यांना काय माहीत? गाडी थांबवून वही उघडली. 'बाया बोलतात तेव्हा तुम्ही मध्येच तोडता' एवढंच लिहिलं होतं. 'वाईट नर्स' कुठेच नव्हतं! मी एकटीच हसली.

तशीच रेखाकडे गेली. रक्तदाब नॉर्मल निघाला, लघवी तपासणीतही काही नाही. मग नुसती ऐकत बसली.

"बाई, आज काऊन चूप आहा?" तिने विचारलं.

"तुझं ऐकून राहिली."

ती खुलली, अर्धा तास बोलली. मग माझा हात पोटावर ठेवून म्हणाली, "पाहा, लात मारून राहिला!"

खरंच मारली. दोघी किती हसलो!