पल्याडची ओळ

८ जानेवारी

आज तिसरं पालुपद फाडलं! ‘सरिते, मजला मार्ग मोकळा करून दे’. हेमानं फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुलं गाणार आहेत, की तहसीलदाराला अर्ज करणार आहेत?” नारायण पेठेतल्या वाचनालयात मुलांची गोष्टींची सभा तीच चालवते. पंचवीस तारखेला माझं कथागीत आहे.

गोष्ट माझ्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या आत्यानं सांगितलेली. गुरं घेऊन नदीपलीकडे गेलेली पोर. संध्याकाळी पाणी चढतं. घर समोर दिसतं, जाता येत नाही. पोर नदीला अंगावरची एकेक वस्तू देते आणि वाट मागते.

११ जानेवारी

लोणी काळभोरला जाऊन आले. तुळजाआत्यांनी गोष्ट पुन्हा सांगितली. दर वेळी गुडघ्यावर थाप मारून त्या दोनच शब्द म्हणत होत्या – “वाट दे.” शेवट विचारला. “आमच्यात पोरीची टिटवी हुती. अजून वरडती काठाला. तुला काय करायचं ते कर, बाई.”

परतताना बसमध्येच जमलं –

वाट दे गं नदीबाई, वाट दे
घरी माझ्या दिवा लागला, वाट दे

एका दमात होतं. शेवटच्या ‘दे’नंतर दोन टाळ्या रिकाम्या, मुलांना श्वास घ्यायला. शेजारी आमच्याकडे राहायला आलेली संस्कृती खिडकीतून बाहेर बघत होती. पुटपुटून पाहिलं, तिनं वळून पाहिलं नाही.

१४ जानेवारी

कडव्याची घडी बदलायची नाही, फक्त दोन गोष्टी बदलायच्या – पाणी आणि भेट. घोट्याला पाणी, बांगडी दिली. गुडघ्याला पाणी, पैंजण दिलं. कमरेला आलं, केसातलं फूल दिलं. पुढचं काय ते मुलांना आधीच कळायला हवं, तरच ती गाण्यात शिरतात.

दिवस गेला डोंगरी
पाणी चढले गुडघ्याशी
पैंजण दिले नदीला
उभी पोर ती उपाशी

टिटवी मी ठेवणार नाही. शेवटी पालुपद तेच, गाणारी दुसरी. पैलतीरावरून आई – ‘लेक माझी पल्याड उभी, वाट दे.’ हे मी एकटीनं म्हणायचं, हलकेच. मग पाणी ओसरतं.

१७ जानेवारी

संस्कृतीला तिळगूळ दिला. “अहो, थँक्यू.” दिवाळीनंतर आली आमच्याकडे, आठ वर्षांची. अनिरुद्धला काका म्हणते. मला काहीच नाही – नुसतं अहो, कंडक्टरला म्हणावं तसं. घाई करू नका, असं दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या. दत्तकाचे कागद पक्के व्हायच्या आधी त्या येणार आहेत, फेब्रुवारीत. तिला एकटीला बसवून विचारणार, इथं राहायचंय का.

मी घाई करत नाही. काहीच करत नाही.

२५ जानेवारी

पडलं! म्हणजे मुलांना आवडलं, पण शेवट पडला. पहिल्या कडव्यानंतर चाचरली, दुसऱ्याला टाळ्या, तिसऱ्याला वाचनालय दणाणलं. मग मी थांबले, आवाज खाली आणला, ‘लेक माझी’ म्हणायला तोंड उघडलं – आणि सगळ्यांनी ओरडून ‘घरी माझ्या दिवा लागला’! तीनदा घोकून घेतल्यावर चौथ्यांदा कशी थांबतील? आई कुणाला ऐकूच आली नाही. एक मुलगा विचारत होता, पाणी आपोआप कसं गेलं?

हेमा म्हणाली, “पालुपद दिलंस ना त्यांना? मग परत काय मागतेस?”

संस्कृती मागच्या रांगेत. ओठ मिटलेले.

२६ जानेवारी

दुपारी मी आणि संस्कृती मटार सोलत होतो. आपण होऊन बोलली!

“तुमची ती आई काही म्हणतच नाही.”

म्हटलं, म्हणते की, शेवटी.

“शेवटी कशाला? पोरीचं सगळं देऊन झाल्यावर?” दाणे भांड्यात टाकत होती, माझ्याकडे न बघता. “तिला काय माहीत, पलीकडे कोणी आहे ते.”

मी उठून गॅस बंद केला. गॅस बंदच होता.

२८ जानेवारी

पुन्हा बांधलं. आता आई पहिल्या कडव्यापासून आहे. मुलांचे दोन गट, दोन काठ. एका काठानं दिव्याची ओळ म्हणायची, दुसऱ्यानं लेकीची. कुणाला थांबवायला नको.

हे इतकं साधं होतं. तिच्यासाठी दिवा लावून मी गप्प बसले होते. ‘संस्कृती’ सोडून मीही तिला कधी काही म्हटलेलं नाही.

१ फेब्रुवारी

वाचनालयातल्या मुलांच्या दुसऱ्या तुकडीपुढे म्हटलं. दोन्ही काठ भांडल्यासारखे गायले. हेमानं फक्त मान हलवली. तिच्या हिशेबानं हे फार झालं.

३ फेब्रुवारी

दिवेलागण. संस्कृती खाली क्वार्टर्सच्या मुलांत खेळत होती. मी गॅलरीत गेले. रोज नावानं हाक मारते. आज कठड्याला धरून, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत, गायले – ‘लेक माझी पल्याड उभी, वाट दे.’

आवाज फाटला. खाली मुलं फिदीफिदी हसली. मग दोन टाळ्यांची शांतता.

आणि अंधारातून एकटीचा आवाज –

आई माझी पल्याड उभी, वाट दे.

ही ओळ मी लिहिलेली नाही.