सगळ्यांशी ओळख

२ नोव्हेंबर
आले एकदाची लवळ्यात! बार्शीहून निघताना आईने दिलेला लाडवांचा डबा पिरंगुट येईपर्यंत अर्धा झाला, म्हणजे प्रवास सुखाचा झाला म्हणायचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी, टेकडीवर खोली, खिडकीत डोंगर. आणखी काय पाहिजे? कॅन्टीनचा चहा मात्र नुसतं गरम पाणी. त्या चहाला नावं ठेवतानाच सौरभशी ओळख झाली. इथल्या बागांचं कंत्राट त्याच्याकडे आहे. बोलायला मोकळा, दिसायला बरा.

८ नोव्हेंबर
आज सौरभने घरी नेलं. धरणाच्या पलीकडे अर्धवट सोडून दिलेल्या बंगल्यांची वसाहत आहे, त्यातले दोनच बंगले राहते. फाटकातच त्याचा कुत्रा, भुऱ्या. सौरभने शिकवलं : सरळ अंगावर जायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, मूठ खाली धरून उभं राहायचं आणि त्यालाच येऊ द्यायचं. भुऱ्या आला, मूठ हुंगली, दुपट्टा हुंगला. सौरभने हात उचलताच त्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली. काय शिस्त!

मग त्याच्याच बंगल्यात भाड्याने राहणारी पल्लवी भेटली, आणि शेजारचे गेणबा व त्यांची बायको रत्नाबाई. ही दोघं सौरभकडेच कामाला आहेत. रत्नाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, हितं लाजायचं न्हाई, आपलंच घर हाय. आठवड्याभराच्या ओळखीत माणूस घरदार उघडून दाखवतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काय असणार? आज मी जाम खूश आहे.

११ नोव्हेंबर
पुण्यातल्या किमयाला फोन केला. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, लक्षण चांगलं आहे, चोरून ठेवणारा माणूस शेजारी दाखवत नाही. पण लगेच वकिलीण झाली. त्यांच्यातलं कुणी तुझ्याशी एकटीशी बोललं का? तो उठून गेल्यावर गप्पा वाढल्या की थांबल्या? आणि तो तुझ्या माणसांना कधी भेटणार?

मला रागच आला. मग आठवलं, सौरभ हात धुवायला गेला तेव्हा पल्लवीने ताटातून मानसुद्धा वर केली नव्हती. संध्याकाळी त्याला विचारलं, किमयाला भेटतोस का? बघू की, घाई काय आहे, म्हणाला. माझी ओळख करून देताना बरी घाई होती!

१५ नोव्हेंबर
जोडून सुट्टी, म्हणून वसाहतीत राहायला आले. म्हटलं, पल्लवीला एकटीला गाठावं आणि किमयाचं तोंड बंद करावं. निघण्याआधीच किमयाला पत्ता पाठवून ठेवलाय. इथे रेंज नाही.

पल्लवी काही एकटी सापडेना. कंटाळून रस्त्याकडे फिरायला निघाले तर भुऱ्या आडवा आला. भुंकला नाही. दुपट्टा दातांत धरून मागे ओढू लागला. पाठोपाठ गेणबा आले आणि हसून म्हणाले, एकटीनं जायाचं न्हाई ताई, साहेबांनी सांगितलंय. मीही हसले, पण मला ते अजिबात आवडलं नाही.

१६ नोव्हेंबर
सौरभला परत सोड म्हटलं. गाडी बिघडलीय म्हणाला. पर्समध्ये फोन नाही. रत्नाबाई म्हणतात, कुटंतरी पडला आसंल.

दुपारी कपडे वाळत घालताना पल्लवी भेटली. एकटी. भराभर बोलली. म्हणाली, त्याने आमची ओळख तुला करून दिली नाही, तुझी आम्हाला करून दिली. कुणावर नजर ठेवायची ते कळायला. भुऱ्यालासुद्धा. तीही दोन दिवसांसाठीच आली होती, मागच्या दिवाळीत. तिलाही असंच हौसेने सगळ्यांना भेटवलं होतं.

सौरभ येताना दिसला आणि ती चिमट्यांबद्दल बोलू लागली.

१७ नोव्हेंबर
दाराला बाहेरून कडी. सौरभ आत येऊन गोड बोलून जातो. ग्रंथालयात सांगितलंय म्हणे, मी आजारी आहे. खिडकीखाली भुऱ्या.
ओरडले. गेणबा, रत्नाबाई, सगळे ऐकतात. कुणी येत नाही.
किमयाकडे पत्ता आहे. ती येईल. आलीच पाहिजे.

१८ नोव्हेंबर
गाडी! किमयाची!
ती दिसताच गेणबाने जनरेटर लावला. घसा फाटेस्तोवर ओरडतेय, माझं मलाच ऐकू येत नाही. काच हाताने फुटत नाही—
सौरभ हसत फाटक उघडतोय. एकेकाची ओळख करून देतोय. रत्नाबाई रस्त्याकडे हात दाखवतायत. गेली म्हणून सांगतायत—
किमया पल्लवीला विचारतेय. सौरभ शेजारीच उभा. पल्लवी मान डोलावतेय. हो. गेली—
किमया गाडीकडे निघाली.
थांबली. मागे बघतेय. पल्लवीकडेच—
अगं, तूच विचारलं होतंस ना मला? तिला बाजूला घे. त्याच्यापासून लांब ने, किमया, एकटीला वि—