मला केरबाच म्हण

औरंगाबाद,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय कडुबा,

द्वारकावहिनींनी लासूर स्टेशनाच्या बाजारातून आलेल्या माणसाबरोबर निरोप धाडला, की तू नीट जेवत नाहीस आणि हाताचं फडकं बदलायला गेलं तर भिंतीकडे तोंड करतोस. म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर म्हणजे मेंढरं उधळल्यासारखं, हे तूच म्हणाला होतास, तेव्हा सांभाळून घे. वाचून झाल्यावर वाटल्यास शिव्या दे, पण अर्ध्यात ठेवू नकोस.

कंपनीची खबर अशी, की तुझा पॉवर प्रेस अजून बंद आहे. त्याच्यासमोरची जमीन धुतली, तरी फरशीच्या सांधीत काळं राहिलंच आहे. त्या दिवशी साच्यात पत्रा अडकला, तू हात घातलास आणि पायडल खाली गेलं. हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी आधीच काढून टाकलेली होती. जाळी असली की माल कमी निघतो, हे साहेबांचं गणित. आवाज रोजच्यासारखाच झाला रे, म्हणून तर कोणी मान वर केली नाही. मग तू ओरडलास. मी तुझी बोटं माझ्या गमछ्यात गोळा केली आणि टेम्पोत तुझं डोकं मांडीवर घेऊन घाटी दवाखान्यात आलो. वाटेत तू सारखा मला हाक मारत होतास. केरबा, केरबा. तशा अवस्थेतही तुझ्या तोंडून माझं खरं नाव निघत होतं, हे मला तेव्हाच जाणवलं आणि मी लहान पोरासारखा रडलो. डॉक्टरांनी गमछा बाजूला ठेवला आणि आता जोडता येणार नाहीत म्हणाले.

तुला आठवतं, ते दुसरं नाव कसं पडलं? गेल्या वर्षीची खंडेनवमी. मशिनींना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि प्रेसला रक्त दाखवायचं म्हणून बोकड आणलेला. कोयता आपल्या शेडमधल्या सांडूच्या हातात. सांडूला वांगं धड चिरता येत नाही, पण हौस दांडगी. पहिला घाव खांद्यावर बसला. बोकड ओरडत सुटला, दोरी ताणून गोल गोल फिरला, सगळ्यांच्या पायांवर रक्त उडालं, आणि लोक हसायला लागले. मला ते जनावर बघवेना. धनगराच्या घरात जन्मलोय, जनावर कापायचं तर त्याला कळायच्या आत कापावं, एवढं मला ठाऊक आहे. मी सांडूच्या हातातून कोयता हिसकला आणि एका घावात मान उतरवली. तू टाळी वाजवलीस, माझ्या पाठीत थाप घातलीस आणि ओरडलास, "अरे हा तर एकघाव हाय, एकघाव!" सगळे हसले. मीही हसलो. तू पाहिलं नाहीस, पण मी नंतर कितीतरी वेळ नळावर हात धूत राहिलो.

मी हसलो ना, तिथंच गाडं अडकलं. पहिल्या दिवशी हसलेल्या माणसाला नाव आवडलंय, असंच लोक धरून चालतात. मग कँटीनमध्ये एकघाव, पाळी बदलताना एकघाव, सुपरवायझरच्याही तोंडी एकघाव. भांडण कुणाचंही असो, "थांब, एकघावला बोलावतो" म्हणायचं आणि फिदीफिदी हसायचं. नवीन आलेली माणसं माझ्याकडे जरा घाबरून बघायची. गोधडी उसवावी तसा मी आतून उसवत होतो. कित्येकदा वाटलं, कँटीनमध्येच ताट आपटून सांगावं. पण मी तुला ओळखतो. चारचौघांत कुणी टोकलं की तू दुप्पट मस्करी करतोस, कारण तिथं तुझीही पत असते. आपल्या पाळीतल्या फकिराकडून निरोप द्यावा, तर तो निरोप तुझ्याआधी सगळ्या शेडला कळला असता. तुझ्याशी अबोला धरावा, तर तुला कारणच कळलं नसतं. शेवटी ठरवलं, की ज्यानं नाव ठेवलं त्यालाच मागावं, आणि एकट्याला.

मग एका संध्याकाळी सुट्टी झाल्यावर तू, मी आणि फकिरा फाटकातून निघालो. मी फकिराला म्हटलं, तू हो पुढं, आम्ही येतो. त्यानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गेला. भला माणूस. तुला घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीवर गेलो. तू खुशीत होतास, पोरीला दात आल्याचं सांगत होतास. तुझं सगळं ऐकून घेतलं आणि मग बोललो. रात्रभर लई मोठं भाषण जुळवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच. "कडुबा, एक मागणं हाय. तू मायेनं हाक मारतोस, मला ठावं हाय. पण ते एकघाव मला नको वाटतं. मला केरबाच म्हण." तू आधी हसलास. "लेका, आपल्यात कसलं आलंय वाईट वाटून घेणं?" मी हसलो नाही, रागावलोही नाही. मग तू म्हणालास, "सगळेच म्हणत्यात, मी एकट्यानं काय करू?" मी म्हटलं, "सगळ्यांचं नाय, तुझं मागतोय." तू विचारलंस का. मी म्हटलं, ते आता नको विचारू. तू बशीतला चहा फुंकत बसलास, चेहरा जरा पडला. मला भीती वाटली, की एका नावापायी मित्र गमावतोय. उठताना तू एवढंच म्हणालास, "बरं. चल केरबा, अंधार पडंल."

दुसऱ्या दिवशी प्रेसवरून तुझी हाक आली, "एऽ एक..." आणि मध्येच गिळलीस. मग म्हणालास केरबा. मी लगेच ओ दिली, जणू काही झालंच नाही. तशा चुका तू चार-दोनदा केल्यास. मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, कारण जिभेलाही सवय मोडायला वेळ लागतो. तू कुणाला सांगितलं नाहीस, कुणाला दटावलं नाहीस. फक्त तू म्हणायचा थांबलास. आणि ज्यानं नाव ठेवलं त्यानंच सोडल्यावर त्या नावातली गंमत गेली. महिन्याभरात शेड केरबावर आली. राहिला एकटा सांडू. त्यानं तर ते नाव गावोगाव पोचवलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. बसगाड्यांच्या काचा, उपटलेले तारांचे खांब, गावोगावच्या जळक्या झोपड्यांच्या बातम्या. कँटीनमधल्या चतुराबाई नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहतात, त्या सकाळपासून दाराकडे बघत होत्या. आपण दोघांनी त्यांना आणि त्यांच्या सुनेला पत्र्यांच्या थप्पीमागे बसवलं. दुपारी फाटकावर जमाव आला. लाठ्या, रॉकेलचे डबे, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. आणि ते माझ्या नावानं ओरडत होते. "एकघाव कोण हाय तुमच्यात? काढा भाईर! चल म्हणावं आमच्यासंगं!" आपल्यातल्या काहींनी माझ्याकडे पाहिलं, तशी एकानं ती कुऱ्हाड माझ्यापुढं केली. कडुबा, मागं पत्र्याआड दोन बायका, पुढं कुऱ्हाडीचा दांडा, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, जणू मी ते हातात घेणारच.

तेव्हा तू मध्ये आलास. "एकघाव बिकघाव इथं कोणी नाय. ह्यो केरबा हाय. ह्याला माशी मारायची तरी हात कापतो. सांडूच्या बाता ऐकून आलात व्हय रं?" ती माणसं तुझ्या भावकीसारखीच शेतकरी होती, तुझी बोली त्यांना आपली वाटली. दोघं हसले. तिसऱ्यानं तुझ्या डोक्यात लाठी घातली. तुझा कान फाटला, रक्त गळ्यात उतरलं, आणखी दोन पाठीत बसल्या, तरी तू फाटकाची कडी सोडली नाहीस. शेवटी ते शिव्या देत नाल्याकडे वळले. वस्ती त्यांनी पेटवलीच. चतुराबाईंचं घर, शेजारची दोन घरं, दावणीची शेळी, सगळं गेलं. शेळीचं ओरडणं आपल्याला शेडपर्यंत ऐकू येत होतं. पण चतुराबाई आणि सून जिवंत राहिल्या, आणि माझ्या हातात कुऱ्हाड आली नाही.

आता ते सांगतो, जे चहाच्या गाडीवर सांगितलं नाही. माझा थोरला भाऊ सोनाजी. एका उन्हाळ्यात आमची मेंढरं पाण्याला नेताना एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या ढिगात शिरली. मालक कुऱ्हाड घेऊन धावत आला. सोनाजी हात जोडत होता. मी मेंढरं वळवत होतो, वळून पाहिलं तोवर झालं होतं. मानेवर, एकच. खटला चालला, साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. पण बाजारात लोक चवीनं सांगायचे, "एकाच घावात आडवा केला." आई ते ऐकून बाजाराला जायची बंद झाली. तू टाळी वाजवून ते नाव घेतलंस, तेव्हा मला बोकड दिसला नाही. तुला सांगितलं नाही, कारण तो माणूस तुझ्यासारखाच शेतकरी, आणि तुला वाटलं असतं की मी तुझ्याकडे बोट दाखवतोय. आणि मागणं पुरं करायला कारण लागतंच असंही नाही, हे तूच दाखवून दिलंस. यंदाच्या खंडेनवमीला मी नारळच फोडला, कुणी काही म्हटलं नाही.

हे सगळं आज लिहितोय ते एवढ्यासाठी. मी घाटीत तुझ्या खाटेशी बसलो होतो आणि सांडू फळं घेऊन आला. जाताना म्हणाला, "काय थोटेराव, येता का कामावर?" तू हसलास. कडुबा, ते हसू मी ओळखतो, नळावर जाण्याआधीचं आहे ते. कंपनीनं तुला स्टोअरमध्ये घेतलंय, जागा तुझी वाट बघतेय, आणि तू येत नाहीस ते हातामुळे नाही. मी सांडूला अजून काही बोललो नाही. हात तुझा, नाव तुझं, मागणंही तुझंच असलं पाहिजे. माणूस वाईट नाही, जीभ सैल आहे, मायेनं मागितलं तर देईल. पुढच्या सोमवारी ये. सुट्टी झाल्यावर त्याला रस्त्यापलीकडच्या गाडीवर चहाला ने. मला म्हण, केरबा, तू हो पुढं. मी काही न विचारता पुढं जाईन, आणि बसथांब्यावर तुझी वाट बघीन.

तुझाच,
केरबा