परीक्षणातून राहिलेलं नाव

माय,

मागच्या शनिवारी बिदरला तुझं नाटक बघितलं. तुझं म्हणजे, तू ज्यात बसस्टँडवरची चहावाली झाली होतीस ते. बावीस वर्षांनी कॉलेजच्या पोरापोरींनी ते पुन्हा बसवलंय, आणि परीक्षण लिहायला पेपरानं मलाच धाडलं. या भागातला जाणता समीक्षक म्हणतात आता मला. तुला ऐकून हसू आलं असतं.

परीक्षण कसं लिहितात ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. साडेतीनशे शब्द मिळतात. गोष्ट सांगायची ती फार तर मध्यंतराच्या अलीकडपर्यंत; पुढचं फोडलं तर तिकीट काढून येणाऱ्याचा घात होतो. म्हणून एवढंच लिहिलं, की स्टँड गावाबाहेर हलणार अशी नोटीस येते आणि चहाच्या टपरीभोवतीची माणसं एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. टपरीचं काय होतं आणि कुणामुळं, ते तुला ठाऊक आहे, तरी इथंही लिहीत नाही. हात वळत नाही आता. मग संहिता. पहिला अंक घट्ट आहे, दुसऱ्यात पत्रवाचनाचा प्रसंग उगीच, कारण त्यातलं सगळं आपल्याला आधीच कळलेलं असतं. नेपथ्यात एक बाकडं, एक स्टोव्ह आणि मागं कानडी-मराठी पाट्या, तेवढ्यात स्टँड उभा राहतो. संध्याकाळचा पिवळा प्रकाश चांगला पडलाय, पण कंडक्टर झालेल्या पोराची कानडी वाक्यं मागच्या रांगेत पोचत नाहीत. मध्यंतरानंतर मी मुद्दाम मागं जाऊन बसलो होतो, म्हणून कळलं. शेवटी वेळ सव्वादोन तास, दहा वर्षांवरच्या मुलांना न्यायला हरकत नाही, कानडी येत नसलं तरी अडत नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध अभिनय. एकेका नटाबद्दल एक, फार तर दोन वाक्यं. नुसतं ‘छान’ लिहायचं नाही, कुठल्या जागी छान ते लिहायचं. आणि ज्याचं नाव गाळलं त्याचं काम पडलं, असंच वाचणारे धरतात. हे शेवटचं मला बावीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

कमलनगरच्या शाळेच्या सभागृहातला तो पहिला प्रयोग. तू अंगणवाडीतली बाई, आयुष्यात कधी स्टेज चढलेली नव्हतीस. नाटक बसवणारे अप्पा मास्तर घरी आले आणि ‘आवाज हाय तुमच्याकडं’ म्हणाले, तेवढ्यावर तू तयार झालीस. दोन महिने तू भाकऱ्या थापताना संवाद म्हणायचीस आणि तव्यावरची भाकरी करपायची. मी सव्वीस वर्षांचा, पेपरात नवा. नात्यातलं माणूस नाटकात असेल तर परीक्षण दुसऱ्याला द्यायचं, हा संपादकांचा नियम साधा होता. पण माझ्या नावानं छापून येणारं ते पहिलं परीक्षण होतं, आणि मला ते सोडवेना. संपादकांना मी सांगितलंच नाही. मग पकडलं जाऊ नये म्हणून चौघांवर लिहिलं आणि तुला गाळलं. नाटकातली मुख्य बाईच गाळली. आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं तू शेजारणींना म्हणायचीस. तुझ्या लेकानं त्याचाच धंदा केला.

पेपर आला त्या दिवशी तू दोनदा वाचलास. मग चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता विचारलंस, “माझं कसं झालं रे?”

मी म्हणालो, घरच्या माणसावर लिहायचं नसतं, नियम आहे.

“लिहू नको. मला सांग तरी.”

“चांगलं झालं, माय.”

“कुठल्या जागी?”

मी म्हणालो, भूक लागलीय, वाढ. तू वाढलंस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

पुढचा प्रयोग चिटगुप्प्याला होता. तिथल्या मंडळींनी पेपर वाचलेला. बाईच्या पोटच्या लेकानंच तिचं नाव लिहिलं नाही म्हणजे काम काय लायकीचं असेल, असं त्यांनी अप्पांना ऐकवलं. अप्पांनी उदगीरहून दुसरी बाई आणली. ते सांगायला घरी आले तेव्हा त्यांना तोंड वर करवत नव्हतं. तू चहा केलास, नाटकातलं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलेलं होतं ते त्यांच्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “बरं झालं, अंगणवाडीत बी लई काम पडायलंय.” मी तिथंच बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. त्यानंतर आठ वर्षं तू होतीस, आणि त्या आठ वर्षांत आपल्या घरात नाटक हा शब्द कुणी काढला नाही.

शनिवारी ती पोरगी छान करत होती. मध्यंतरानंतरचा तो प्रसंग आला, चहावाली एकटी उरते आणि सवयीनं चार कप मांडते तो. शब्द एकही नाही. ती तीन कप भरते, चौथ्यावर तिचा हात थांबतो, आणि सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मी वहीत लिहिलं, ‘चौथ्या कपावरचा थांबा, फार चांगला, पण किंचित दाखवून केलेला.’ प्रयोग संपल्यावर अप्पा भेटले. ऐंशी ओलांडलीय, पोरांनी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझा हात धरून म्हणाले, “पोरगी चांगली हाय. पण तुझी माय तिथं थांबायची न्हाई. चारी कप भरायची. भरून झाले की पदरानं बाकडं पुसायची, आन् मंग बघायची, बसायला कुणीच न्हाई. तालमीत बी लोकं रडायचे. तुला तर ठावंच हाय.”

मी व्हय म्हणालो.

या वेळी संपादकांना आधीच फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिहा, पण खाली नातं टाका. म्हणून परीक्षणाच्या शेवटी एक ओळ आली: पहिल्या संचात ही भूमिका प्रस्तुत लेखकाच्या आईनं केली होती. पुढं तुझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. सोमवारी छापून आलं. कात्रण कापून ठेवलंय, पण ते दाखवावं असं आता घरात कोणी नाही.

दुपारी दुबलगुंडीहून एका शिक्षकाचा फोन आला. आवडलं म्हणाले. मग विचारलं, आई कसं करायच्या हो ते काम? मी म्हणालो, चांगलं. चौथ्या कपावर थांबायच्या नाहीत. अप्पांचं वाक्य माझं म्हणून सांगून टाकलं. बावीस वर्षं नियमाच्या आड लपलो, माय, आता अप्पांच्या आड.

कमलनगरच्या त्या संध्याकाळी तू पहिल्यांदा स्टेजवर आलीस ती न पेटवलेली विडी ओठात धरून, आणि कंडक्टरला शिवी घालत. लोक हसले. ते हसणं नाटकातलंच होतं, तुला हवं होतं तेच होतं, हे आज कळतं. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, ही अंगणवाडीची बाई न्हाई का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वही मांडीवर घेतली आणि काहीतरी लिहीत राहिलो. तू स्टेजवर असलीस की लिहायचं, तू आत गेलीस की वर बघायचं. शेवटपर्यंत तसंच केलं. लोक एकदम गप्प झाले तेही मला ऐकू आलं, पण मान वर केली नाही.

कुठल्या जागी, असं तू विचारलंस. माय, मी तुझं काम बघितलंच नव्हतं.