पप्पा, एक ओळ तुम्ही गाळली होती

पप्पा, आज चर्चमध्ये मंडळीबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना पुन्हा त्या ओळीशी माझा आवाज मागे राहिला. बाकीचे पुढे गेले. घरी आले आणि चहा ठेवायच्या आधी लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठे पोहोचणार नाही हे मला कळतं. तरी लातूरच्या त्या दुपारबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

तेव्हा मी अकरावीत होते. आई आणि धाकटा भाऊ किल्लारीजवळच्या आजोळी भूकंपात गेले, त्याला दोन-अडीच वर्षं झाली असतील. दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच त्यांच्यावर आलं. आपण दोघं नांदेडात होतो म्हणून वाचलो. गणपती उठायच्या सुमारास आईनं शेजारच्यांकडे फोन केला होता, की आम्ही निघतो. तुम्ही शाळेतले पेपर तपासत होतात. फोनवर म्हणालात, "आठवडाभर राहा अजून, माझं काम उरकू दे." मी तुमच्याजवळ उभी होते. ते वाक्य मी ऐकलं, आणि तुम्हाला ठाऊक होतं मी ते ऐकलंय. त्यानंतर मी तुम्हाला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. "जेवायला वाढलंय," "गॅस संपलाय," असं भिंतीकडे बघून बोलायचे. दहावी होताच तुम्ही मला लातूरला क्लासला पाठवलंत. सगळा जिल्हाच पोरं लातूरला पाठवत होता. मला मात्र वाटलं, डोळ्यांसमोरून काढून टाकलं.

मी एका टेलरच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. चौकाचौकांत बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो, पहाटेपासून क्लास, मेसचा डबा. तुम्ही दर रविवारी मंडळीची उपासना सुटल्यावर एसटीनं यायचात. त्या वर्षी माझं दृढीकरण होतं. मंडळीपुढे उभं राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा, आणि पाळकसाहेब प्रभूच्या प्रार्थनेची कुठलीही ओळ विचारणार. नांदेडातल्या मुलांना तुम्हीच शिकवायचात. मी लांब, म्हणून मला वेगळं.

त्या रविवारी तुम्ही सतरंजीवर बसलात आणि मी दारात उभी राहिले. म्हणाले, "मी उभी राहणार न्हाई. पाळकसाहेबांनी विचारलं तर सगळ्यांसमोर सांगणार का न्हाई ते."

तुमचा चेहरा उतरला. पण तुम्ही रागावला नाहीत. "बरं," म्हणालात. "आधी ऐकून तर घे. मग नको म्हण."

खाली टेलरची मुलगी "अब्बा, अब्बा" करून कात्री मागत होती. तुम्ही कान दिलात. "ऐकलंस? येशूच्या बोलीत बापाला हाच शब्द. अब्बा. लेकरानं घरात मारायची हाक. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' 'आमच्या' म्हणायचं, 'माझ्या' न्हाई. पूर्ण प्रार्थनेत 'माझं' कुठंच न्हाई. एकटी म्हणलीस तरी सगळ्यांसाठी म्हणतीस."

"मला बाप शब्दच नको," मी म्हणाले.

तुम्ही खाली बघितलंत, आणि पुढे गेलात. "'तुझे नाव पवित्र मानले जावो.' नाव म्हणजे तो स्वतः. त्याचं नाव स्वस्तात वापरायचं न्हाई. भूकंपानंतर छावणीत लोक म्हणत होते ना, देवानं गावाला शिक्षा केली? त्यांनी त्याचं नाव मातीत घातलं."

मी गप्प बसले नाही. "मग 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' कशाला म्हणायचं? आई मेली ती त्याची इच्छाच ना?"

तुम्ही चष्मा काढलात. "न्हाई. नीट बघ. 'तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' होवो! झालेलं असतं तर मागायचं कशाला? पृथ्वीवर त्याच्या मनासारखं अजून होत न्हाई, म्हणून मागायचं. ही मान टाकलेल्या माणसाची ओळ न्हाई, पोरी. हट्ट धरून बसलेल्या माणसाची हाय. येशूनं स्वतः बागेत हीच ओळ म्हणली, मरणाच्या आदल्या रात्री, घाम गाळत. आधी म्हणाला, हा दुःखाचा प्याला टळू दे. मग हे."

"'आमची रोजची भाकर आज आम्हास दे.' आजची. रानात इस्राएल लोकांना रोज आभाळातून अन्न मिळायचं, मान्ना, तो उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. म्हणून आजपुरतं मागायचं. आई गेल्यावर मला पुढच्या वर्षाचं बळ कुणी दिलं न्हाई. सकाळचं सकाळी मिळालं." मग म्हणालात, "'आणि आम्हास परीक्षेत आणू नको.' ही तुझ्या बोर्डाची परीक्षा न्हाई. देव कुणाला मोहात घालत न्हाई, बायबलात याकोबाच्या पत्रात तसं स्पष्ट हाय. मागणं असं, की जिथं मी मोडून पडेन तिथं मला एकटं सोडू नको. 'वाइटापासून सोडव.' त्या दुष्टापासून, असंही वाचतात."

मी म्हणाले, "एक ओळ राहिली."

तुम्ही चष्मा परत डोळ्यांवर चढवलात.

"भाकरीनंतरची. तुम्ही गाळली."

"ती तुला पाळकसाहेब समजावतील."

"तुम्ही का न्हाई?"

"मी समजावली तर ते मागितल्यासारखं होईल," तुम्ही म्हणालात. तुमचा हात सतरंजीच्या दशा ओढत होता. "तुझ्यापुढं बसून मी ते कसं मागू?"

त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण भीती वाटली. भूकंपानंतर आपण कधी त्या फोनबद्दल बोललो नव्हतो, आणि आता तो खोलीत येऊन बसला होता. मी दारातून आत आले. "समजावा," म्हणाले.

तुम्ही हळू बोलायला लागलात. "'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हास सोड.' पाप म्हणजे देणं. शुभवर्तमानात लूक सरळ 'पापे' लिहितो, मत्तय 'ऋणे'. सोडणं म्हणजे काही घडलंच न्हाई म्हणणं नव्हे. देणं होतं, हे कबूल केल्याशिवाय ते सोडता येत न्हाई. आणि हा सौदाही न्हाई, की मी इतकं सोडलं, आता तू इतकं सोड. पण आपण मूठ आवळून बसलो तर घेणार कशात? प्रार्थना सांगून झाल्यावर येशू परत फक्त ह्याच ओळीकडं येतो. ही अवघड जाणार हे त्याला ठाऊक होतं." मग माझ्याकडे बघितलंत. "मी तिला थांब म्हणलो. ते माझ्यावर हाय. तू सोडलंच पाहिजे असं मी म्हणत न्हाई. पण ते माझ्यावर हाय, हे तुला सांगतो."

मी रडले नाही, तुमच्या जवळ आले नाही. विचारलं, "तुम्ही ही ओळ म्हणता तेव्हा कुणाला सोडता?"

"सासऱ्याला. ते जड माळवद ठेवल्याबद्दल. ते जमलं." पुढचं नाव घ्यायच्या आधी तुम्ही निघायला पिशवी उचललीत. मला कळलं की स्वतःला सोडायचं तुम्हाला जमलेलं नाही. माझ्या रागाची मला पहिल्यांदाच लाज वाटली, पण राग गेला नाही. बसस्टँडवर तुम्हाला पोहोचवायला आले. गाडी सुटताना मी "पप्पा, नीट जा" म्हणाले. तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढलीत आणि कंडक्टर ओरडला.

दृढीकरणाला मी उभी राहिले. पाळकसाहेबांनी मला नेमकी तीच ओळ विचारली. मी थांबले. मंडळी वाट बघत होती, तुम्ही पुढच्या बाकावर मान खाली घालून बसला होतात. मी तुमचेच शब्द सांगितले, देणं कबूल केल्याशिवाय सोडता येत नाही. तुम्ही रुमालानं डोळे पुसलेत. तुम्हाला वाटलं, झालं.

झालं नव्हतं, पप्पा. त्या दिवशी मी फक्त अर्थ सांगितला. ते खरं व्हायला कितीतरी वर्षं गेली, आणि ते नेमकं कधी झालं ते मला माहीत नाही. एकदा तुमच्या आजारपणात तुम्हाला पेज भरवताना तो राग शोधून बघितला, तर आत काही उरलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात, ऐकू येत होतं. मी चमचा पुढे केला आणि तोंड पुसलं. सांगितलं मात्र नाही.