दोन दिवस आणि एक ‘नको’

आर्वी,
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदिनीस,

स. न. वि. वि.

मुलगी झाल्याचं अनुपभाऊंनी कळवलं, तेव्हा मी एका ब्लाउजला बाही लावत होते. आनंदात उजवी बाही डावीकडे लागली. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आलेली पोर आहे, एका बाहीनं काय होतं.

फोन न करता पत्र लिहिते आहे, ते मुद्दाम. फोन वाजला की बाळ उठतं आणि तुला लगेच काहीतरी बोलावं लागतं. पत्र उशीखाली पडून राहील. दूध पाजताना एका हातानं वाचता येईल, नाही वाचलं तरी रडणार नाही.

मला तुला आणि बाळाला भेटायला यायचं आहे, पण तुला सोयीचं असेल तेव्हाच. केव्हा येऊ असं नुसतं विचारलं तर तू केव्हाही ये म्हणशील, आणि ते मला चालणार नाही. नीलेश गेले तेव्हा सगळे मला सांगत, काही लागलं तर सांग. माणसं खरी होती, पण त्या वाक्याचं मला काही करता आलं नाही. म्हणून सोबत माझाच पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवते आहे. त्यावर तीन ओळी आहेत: मंगळवार २६ नोव्हेंबर, सकाळी अकरा; रविवार १ डिसेंबर, दुपारी चार; आणि ‘सध्या नको’. एकीसमोर खूण कर आणि पेटीत टाकायला सांग. ‘नको’ वर खूण केलीस तर कारण लिहायचं नाही. मी विचारणारही नाही.

आले तर चाळीस मिनिटं बसेन. चहा घेणार नाही. आल्याबरोबर साबणानं हात धुईन, बाळाचा पापा घेणार नाही, आणि तू दिलंस तरच हातात घेईन. हे सगळं मी वाचनालयातल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात वाचलं. ते याआधी २०११ साली कुणीतरी नेलं होतं. त्यावरून आर्वीची पोरं कशी वाढली असतील याचा मला अंदाज आला. शिंक आली, घसा खवखवला, तर ठरलेला दिवसही मी मोडेन.

डिंकाचे लाडू करते आहे. तुझ्या आईनं केले असते तसे होणार नाहीत. ती असती तर तू बाळंतपणाला माहेरीच असतीस, हे मला ठाऊक आहे.

तुझ्या सासूबाईंना, तानाबाईंना, नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मोहिनी


आर्वी,
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदिनीस,

स. न. वि. वि.

कार्ड आज मिळालं. तिन्ही ओळींवर खुणा आहेत.

मंगळवारसमोर शिसपेन्सिलीची फुली, इतकी दाबून की कार्डाच्या मागून चाचपता येते. रविवारसमोर निळ्या पेनानं हिशेबनिसासारखी बरोबरची खूण. आणि ‘सध्या नको’ समोर काजळाचं बोट. मी कार्ड उजेडात धरून पाहिलं, शेजारच्या मेघाला दाखवलं. तिचं म्हणणं पडलं की तिघांपैकी दोघं या म्हणतात, तेव्हा जा. मी तिला सांगितलं की ही ग्रामपंचायतीची निवडणूक नाही. ज्या घरात बाळंतीण आहे तिथं एक ‘नको’ असलं तर तेच खरं धरायचं.

तेव्हा मी येत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एकच लिहिते आणि विषय सोडते. काजळ घरातल्या वडील बाईच्या हाताशी असतं. तानाबाईंना माझं येणं नको वाटत असेल तर मी समजू शकते. नीलेश गेल्यापासून तीन वर्षांत हळदीकुंकवाची बोलावणी माझ्या दारावरून पुढे गेली. कुणाच्याही बारशाच्या दिवशी मी बरोबर स्वयंपाकघरात कशी जाते, हे मलाच कळत नाही. सवय आहे, राग नाही.

लाडवांचा डबा तुमच्या सिंदी मेघेला येणाऱ्या, आमच्या गल्लीतल्या पियुषजवळ देते आहे. फाटकावर ठेवून तो निघून जाईल, त्याला आत बोलवावं लागणार नाही. डबा परत करू नका. त्याचं झाकण तसंही नीट लागत नाही.

मायेत अंतर नको.

तुझी,
मोहिनी


सिंदी मेघे,
२६ नोव्हेंबर २०२४

मोहिनीले तानाबाईचा जयभीम.

नंदिनीनं तुयं पत्र लेकरू मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचलं. मी शेजारी लंगोट घड्या करून राह्यलती. काजळाचं आलं तशी ती थांबली. मी म्हटलं की वाच पुढं. पुढचं आयकून मायी कानशिलं गरम झाली.

पोरी, मी स्वतः बावीस वर्षांपासून विधवा आहो. गुलाबराव गेल्यावर अनुपचं लग्न मी लावलं, पंगतीत मी वाढलं, सुनेले दारातून आत मी घेतलं. आमच्या घरात असलं काई पाळत नाई. अन् तू मले न इचारता मायावर टाकून मोकळी झाली. तुले घरात यायची चोरी आहे, असं मी कवा म्हटलं?

दुसरं आयक. काजळाची डबी या घरात दवाखान्यातून आल्यापासून बंद आहे. नर्सबाईनं सांगतलं की डोयात काजळ घालू नका. मी सात लेकरांले घातलं, सातही चष्म्याविना आहेत, पण सुनेनं डबी कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली माया कंबरेले नाई, तिच्या उशीखाली आहे. मग बोट कोनाचं ते तूच पाय. माया बोटानं अर्धं कार्ड झाकलं असतं.

पेन्सिलीची फुली मायी. मंगळवारी ये, असं मीच म्हटलं. काऊन, तर चहा घेणार नाई असं लिहिणारी पहिली पाहुणी तू. आतापर्यंत एकतीस जन आले. एक बाई तीन तास बसली, लेकरू कोनावर गेलं यावर बोलली, अन् जाता जाता म्हणे की बाळंतीण सुकली. सुकन नाई तर काय, तीन तास ताठ बसवली तिले. मी दोनदा चहा केला, माये गुडघे बोलले.

निळी खूण अनुपची. त्याले रविवारी सुट्टी असते, यापलीकडं त्यानं काई इचार केला नाई.

लाडू चांगले आहेत. खसखस कमी. डबा वापस करत नाई, झाकण मी ठोकून बसवलं.

राग मानजो नोको. मी मानलाच आहे, तेवढा पुरे.

तानाबाई


सिंदी मेघे,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मोहिनी,

सप्रेम जयभीम.

हे पत्र चार दिवसांपासून लिहिते आहे. दर तीन ओळींनंतर लेक उठते.

बोट माझं होतं. आईंनी तुला लिहिलंच. त्यांनी पत्र पाठवलं ते पेटीत पडल्यावर मला सांगितलं.

कार्ड आलं त्या दिवशी टाक्यांना ओढ लागत होती. दूध पुरेसं येत नव्हतं, दर दोन तासांनी ती लावून घ्यायची आणि चिडून सोडून द्यायची. संध्याकाळ झाली की मला कारण नसताना रडू यायचं. केस आठ दिवस धुतले नव्हते. तुला यायचं आहे हे वाचून बरं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, अजून एक माणूस. तुझ्या इतक्या चांगल्या पत्राला नको म्हणायची लाज वाटली. पेननं खूण केली असती तर माझा हात ओळखला असतास. म्हणून कपाट उघडून काजळ लावलं, म्हणजे संशय आईंवर जाईल. चौदा वर्षांत त्यांच्यावर घातलेला हा पहिला खोटा आळ. त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं, पण गरम पाण्याची बादली रोज वेळेवर ठेवली.

आणि मग तू खरंच आली नाहीस. मी रुसवा येईल म्हणून वाट पाहत होते, तर लाडू आले. त्या दिवशी मी दुपारी दोन तास झोपले. माझं ‘नको’ कुणीतरी ऐकलं, एवढंच कारण.

तुझ्या मनात ती दुसरी गोष्ट येईल हे मला सुचलं नव्हतं. त्याबद्दल माफ कर.

आता मी विचारते. मंगळवारी १० डिसेंबरला, अकरा वाजता येतेस का? ती साडेदहाला पिते आणि तासभर शांत असते. १८ तारखेला तिची दीड महिन्याची लस आहे, नंतर ताप येईल, म्हणून त्याआधीच. घर पसरलेलं असेल. मी गाऊनमध्ये असेन. तू तिला धरलंस तर मला डोक्यावरून अंघोळ करता येईल. बोलायला वेळ उरला तर बोलू.

रात्र फारच वाईट गेली तर रस्त्याकडच्या खिडकीत हिरवा पेला ठेवीन. आर्वीला आपलं ठरलं होतं तसंच.

लोभ आहे, तो या काजळानं काळा होऊ देऊ नकोस.

तुझी,
नंदिनी


आर्वी,
११ डिसेंबर २०२४

प्रिय नंदिनीस,

स. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. कालचा प्रकार तू आधी बाळाला पाजत आणि नंतर अंघोळीत असल्यानं तुला अर्धाच कळला, म्हणून पूर्ण लिहिते.

अकराला दहा कमी असताना मी तुमच्या फाटकाशी आले. खिडकीत हिरवा पेला होता. मी कडी न वाजवता वळले. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, पण रात्र कशी गेली असेल याचंच जास्त वाटलं. ऑटोच्या थांब्यापर्यंत गेले, तर मागून हाका आल्या. तानाबाई एका पायात स्वतःची आणि एका पायात अनुपभाऊंची चप्पल घालून धावत होत्या. गुडघ्यांचं मी काही विचारलं नाही. तो पेला त्यांनी ठेवला होता. तुझं ओव्याचं पाणी थंड करायला. अख्ख्या घरात दुसरा पेला सापडला नाही का, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या की तुमच्या मैत्रिणीमैत्रिणींच्या कायद्याची प्रत त्यांना कोणी दिली नव्हती. मग त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली आणि परत येईपर्यंत दिली नाही.

हात त्यांनी माझ्याकडून दोनदा धुवून घेतले. पुस्तकात एकदाच लिहिलं आहे.

तू न्हाणीघरात गेल्यावर तुझी लेक माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. नंतर तिनं माझ्या अंगठ्याला मूठ घातली. तुझ्या पाण्याचा आवाज येत होता, खूप वेळ, आणि मला वाटत होतं की अजून येऊ दे. तू बाहेर आलीस तेव्हा केस टपकत होते आणि चेहरा माझ्या ओळखीचा होता. चाळीस मिनिटं झाली होती, म्हणून मी उठले. तू बस म्हणालीस, तानाबाईही म्हणाल्या. पण मी निघाले, कारण मला पुन्हा यायचं आहे.

नीलेश गेल्यावर तू दर मंगळवारी सिंदी मेघेहून अकराला यायचीस, भांडी घासायचीस आणि जायचीस. मला नको म्हणता यावं म्हणून तूच तो पेला ठरवला होतास. दोन मंगळवारी मी तो खिडकीत ठेवला. तुला वाटलं असेल मी आत झोपले होते. मी पडद्यामागे उभी होते. तू पेला पाहिलास, फाटकाची कडी आवाज न करता लावलीस आणि परत गेलीस. पुढच्या मंगळवारी पुन्हा आलीस. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

लसीनंतरच्या तारखांचं कार्ड सोबत ठेवते आहे. या वेळी ‘सध्या नको’ ची ओळ सगळ्यात वर लिहिली आहे, ठळक अक्षरात. तिच्यासमोर तुझं नाव लिहून जागा सोडली आहे. खाली तानाबाईंसाठी वेगळी ओळ आहे, त्यांनी पेन्सिल जरा हळू दाबावी.

बाळाला गोड पापा, लांबूनच.

तुझी,
मोहिनी