पत्रावळी कुणी उचलल्या

३ जानेवारी, धाराशिव
खोलीवर एकटीच. सारिका लग्न ठरलं म्हणून गावी गेली ती गेलीच. तिच्या कॉटवर आता माझी पुस्तकं पसरलीत. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प ठरला: आमच्या गावातलं सहभोजन. निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. कॉलेजच्या ग्रंथालयात जिल्ह्यातल्या सुधारणा चळवळींवर एक पुस्तक सापडलं. इतकं सोपं लिहिलंय की एका बैठकीत संपवलं. पान ८८ वर चक्क आमचे पणजोबा. त्यांच्या पुढाकारानं ‘सगळा गाव एका पंगतीत बसला.’ घरी आजोबा सांगायचे तेच.
वडिलांना फोन केला. अण्णांनी ते पान मला दोनदा वाचायला लावलं. पंचायतीत पणजोबांचा फोटो लावणार आहेत, त्या दिवशी माझा प्रकल्पच वाचायचा म्हणाले.

१२ जानेवारी
प्रकल्पाच्या सरांनी हवा काढली. म्हणाले, “घरची आठवण आणि पुस्तक जुळतंय म्हणतेस. पण पुस्तकवाल्याला सांगितलं कुणी?”
मागच्या टिपा मी वाचल्याच नव्हत्या. त्या कोण वाचतं? पान ८८ ची टीप: मुलाखत. कुणाची? आमच्याच आजोबांची. म्हणजे दोन साक्षी नाहीतच. एकच माणूस, दोनदा ऐकलेला.
त्या पंगतीला हजर असलेलं कुणी आहे का, ते शोध म्हणाले.

१८ जानेवारी, गावी
भूमवरून एसटी. कोंडाआजी दलित वस्तीत राहतात. पंगतीच्या वेळी सात-आठ वर्षांच्या होत्या. जन्म या गावात माझा, आणि त्यांच्या अंगणात आज पहिल्यांदा बसले. फार लाज वाटली.
बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड केलं. विचारलं, “सगळ्यांबरोबर जेवताना कसं वाटलं?”
“ग्वाड वाटलं की. माजा बा तुज्या पंजोबाच्या मांडीला मांडी लावून बसला. गावानं बघितलं.”
मग आई, पत्रावळी, हरवलेली शेळी, कुठल्या कुठं गेल्या. मी तीनदा विषयावर आणलं. तास झाला.

२२ जानेवारी
मुलाखत उतरवली. दोन पानं, नीटनेटकी. फापटपसारा काढला. सर खूश होतील. कँटीनमध्ये कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण दाखवणार कुणाला.

२५ जानेवारी, गावी
उतरवलेलं आजींना वाचून दाखवायचं, त्यांची परवानगी घ्यायची, असा सरांचा नियम. वाचलं. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “पत्रावळ्याचं कुठं गेलं?”
मला वाटलं ते विषय सोडून होतं, म्हटलं.
“त्योच इषय हाय, पोरी. समदे जेवले. माजी आय लांब हुबी. तिला कुणी बस म्हणलं न्हाय. जेवणं झाली तसं तुज्या पंजोबानंच हाक मारली, ये गं, पत्रावळी उचल. तिनं समद्यांच्या उचलल्या. बाच्याबी.”
मी ते समासात लिहून घेतलं.
“माणूस भला हुता. खोटं कशाला बोलू. पर हाक मारली, ह्ये खरं.”
नाव छापू का विचारलं. “छाप. आयचंबी छाप. सखू. तिला गाव ‘ये गं’च म्हणायचं.”
हे सगळं पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. मीच काढून टाकलं होतं.

३० जानेवारी
सरांना विचारलं, मग पुस्तक खोटं म्हणायचं का? “नाही. पंगत झाली, ते आजीपण सांगतात. दोन्ही मांड. कोण कुठं उभं राहून बघत होतं, तेही लिही. आणि आजींनी ते सत्तर वर्षांनी सांगितलं, हेही.”
बरोबर आहे. पण घरी सरांना जायचं नाहीये, मला जायचंय. भिंतीवरच्या त्या फोटोला लहानपणापासून रोज हार घातलाय. राग येतो. त्यांचा, माझा, कुणाचा कळत नाही. चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीये.

६ फेब्रुवारी
पणजोबांनी हाक मारल्याचं ते वाक्य तळटीपेत टाकलं होतं. टिपा कोण वाचतं, हे माझंच. बाहेर काढलं, मुख्य मजकुरात घेतलं. पान १४. आजींच्या बोलण्यात, जसंच्या तसं.

१३ फेब्रुवारी
एक प्रत कॉलेजला दिली. एक आजींना देऊन आले. त्यांना वाचता येत नाही, नातसुनेकडून वाचून घेणार. सखूचं नाव कुठं आहे ते त्यांनी मला बोटानं दाखवायला लावलं. तिसरी टेबलावर पडलीय.
अण्णांचा फोन. रविवारी प्रत न्यायला येतायत.
“आलं का पंजोबांचं नाव?”
“आलं.”
“किती वेळा?”
“दोनदा, अण्णा.”
खूप हसले. दुसऱ्यांदा कुठं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पान १४ ला खूण म्हणून एसटीचं तिकीट घालून ठेवलंय.